पैसे होते, पण अडकलेले होते

त्याने पहिल्यांदा पैसे मागितले ते 53 व्या दिवशी. तेव्हा मी दिवस मोजत नव्हते. सगळं उघड झाल्यावर मी अख्खं चॅट फोनमधून बाहेर काढलं, तारीखवार लावलं आणि शेजारी रकाने आखले: त्याने काय विचारलं, मी काय सांगितलं, ते पुढे कुठे वापरलं गेलं. 26 वर्षं मी लोकांचे हिशेब लिहीत आलेय. माझ्याच बाबतीत काय झालं हे समजून घ्यायला मला दुसरी रीत सुचली नाही.

तो म्हणून जो होता त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते नाव त्याचं नव्हतं, आणि ज्याचे फोटो त्याने वापरले त्या माणसाचा यात काहीच दोष नाही. प्रोफाइलप्रमाणे तो समुद्रातल्या तेलाच्या रिगवर काम करणारा कंत्राटी इंजिनिअर होता, बायको वारलेली, मुलगी होस्टेलवर. ही भूमिका का निवडतात ते आता कळतं. रिगवरचा माणूस भेटायला येऊ शकत नाही, त्याचा फोन कधीही लागत नाही, इंटरनेट कायम रडतं, आणि कंत्राटी असल्यामुळे त्याच्याकडे मोठी रक्कम असणं शोभून दिसतं. न भेटण्याची सगळी कारणं त्याच्या नोकरीतच होती, त्यामुळे त्याला वेगळं खोटं बोलावं लागलंच नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने डेटिंग ॲप सोडून खासगी मेसेजवर यायला सांगितलं. रिगवर ॲप नीट चालत नाही, असं कारण दिलं. खरं कारण मला नवव्या दिवशी मिळालं होतं, पण मी ते ओळखलं नाही. ॲपकडून मला ईमेल आला: तुम्ही ज्यांच्याशी बोलत होतात ते खातं नियमभंगामुळे काढून टाकलं आहे, त्या व्यक्तीला पैसे पाठवू नका. मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मीच बंद केलं. मला जी हवी होती ती मिळाली, आता तिथे राहून काय करू?" तो ईमेल मी पुसून टाकला. त्या रात्री मला फार सुखाची झोप लागली, हेही लिहून ठेवते, कारण ते सुख खरं होतं. म्हणजे माझ्या बाजूने तरी.

लोकांना वाटतं, अशी माणसं गोड बोलून भुलवतात. गोड बोलणं होतं, सकाळी उठल्यावरचा पहिला मेसेज आणि रात्रीचा शेवटचा मेसेज त्याचाच असायचा. पण तक्ता मांडल्यावर दिसलं ते वेगळंच. पहिल्या दोन आठवड्यांत त्याने स्वतःबद्दल फार थोडं सांगितलं आणि मला दोनशेच्या वर प्रश्न विचारले. घरी कोण असतं? महत्त्वाचं काही ठरवताना कुणाला विचारतेस? बहिणीशी रोज बोलतेस का? कामाचा ताण कधी असतो? एकटं कधी वाटतं? इतक्या वर्षांत मला कुणी इतकं विचारलं नव्हतं, आणि माझी उत्तरं त्याच्या लक्षात राहत. मंगळवारी ऑडिटरबरोबर बैठक आहे असं सांगितलं, की मंगळवारी संध्याकाळी "कशी झाली?" हा मेसेज हजर. ते लक्षात ठेवणं म्हणजे मला प्रेम वाटलं. पुढे तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं, की अशा टोळ्या प्रत्येक माणसाची टिपणं ठेवतात आणि एकाच चॅटवर पाळीपाळीने दोन-तीन जण बसतात. ते ऐकल्यावर मी पुन्हा तक्त्याकडे गेले. सकाळचा माणूस लांब, नीट विरामचिन्हं घातलेली वाक्यं लिहायचा. रात्रीचा तोडकं लिहायचा आणि मला वेगळ्याच लाडक्या नावाने हाक मारायचा. बहिणीचं नाव त्याने तीनदा विचारलं होतं. बारा तासांच्या शिफ्टने डोकं चालत नाही म्हणाला, आणि मला त्याची कीव आली होती.

आता 17 व्या दिवसाकडे येते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

त्या दिवशी माझ्या वडिलांची तिथी होती, मी हळवी झाले होते. सात वर्षांपूर्वी त्यांना मध्यरात्री रुग्णालयात न्यावं लागलं. ऑपरेशनआधी आगाऊ रक्कम भरायची होती. पैसे होते, पण मुदत ठेवीत अडकलेले होते आणि सकाळी बँक उघडेपर्यंत ते हाती येणार नव्हते. मी चार जणांना फोन केले. दोघांनी उचलला नाही, एकाने "सकाळी बघू" म्हटलं. शेवटी पहाटे चौथ्याने दिले. बाबा त्यानंतर नऊ दिवस होते. उशिरामुळे गेले नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण माझ्या मनातून ते पाच तास कधी गेले नाहीत. हे सगळं मी त्याला लिहिलं. बहिणीलाही कधी इतक्या तपशिलात सांगितलं नव्हतं.

त्याने सांत्वन केलं आणि मग विचारलं: ठेव मोडायला नेमका किती वेळ लागला? जो "सकाळी बघू" म्हणाला तो कोण? त्याच्याशी तू आता बोलतेस का? मी लिहिलं, नाही बोलत. संकटात पैशांवरून जो माणूस विचार करत बसतो तो माझ्या मनातून उतरतो.

हे वाक्य मी माझ्या हाताने टाइप केलंय. तक्त्यात त्याच्यापुढे मी नंतर लिहिलं: दिवस 61, इथे वापरलं.

मधल्या काळात व्हिडिओ कॉल दोनदा झाला. दोन्ही वेळा चाळीसेक सेकंद, चित्र अडखळणारं, आवाज नाही. तो हसला, वर उजवीकडे पाहिलं, कानामागे हात नेला, मग चित्र गोठलं. पहिल्या कॉलनंतर माझा सगळा संशय फिटला. दुसरा तीन आठवड्यांनी झाला आणि त्यातही तो हसला, वर उजवीकडे पाहिलं, कानामागे हात नेला. कॉल दोन होते, क्लिप एकच होती. मी शर्टसुद्धा तोच आहे हे पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, रिगवर कपडे तरी किती नेणार. ओळखीचं माणूस म्हणून एकदा ठरलं, की त्याच्या चुकांची कारणं आपणच शोधून देतो. आता म्हणे चेहरा बदलून थेट बोलणारे कॉलही करतात, त्यामुळे "व्हिडिओवर पाहिलंय" हा आधार तसाही फार उरलेला नाही.

38 व्या दिवशी जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याबद्दल मी आधी कुठेच वाचलं नव्हतं. पैसे मागणं दूरच, त्याने मला त्याचे पैसे सांभाळायला दिले.

रिगचा एक सुटा भाग पुरवणाऱ्याचं बिल थकलं होतं. रिगवरून बँकेची साइट उघडत नाही, पान अर्ध्यात बंद पडतं, असं म्हणून त्याने मला बँकेचा पत्ता, युजर आयडी आणि पासवर्ड पाठवला. "माझ्या वतीने एवढं पेमेंट करशील का? तुझ्याशिवाय कुणाला सांगू?" मी हिशेबातली बाई. एखाद्याच्या बँकेचा पासवर्ड हातात येणं म्हणजे काय, हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं. मी त्याला रागावले, म्हटलं असा पासवर्ड कुणाला देऊ नये. मग लॉगिन केलं.

पान व्यवस्थित होतं. वर बँकेचं चिन्ह, खाली सुरक्षिततेची सूचना, डावीकडे मेनू. शिल्लक सात आकडी. मी पुरवठादाराचा तपशील भरला, रक्कम टाकली, त्याच्या फोनवर आलेला कोड त्याने मला कळवला, मी तो घातला. हिरव्या अक्षरांत "व्यवहार पूर्ण", संदर्भ क्रमांक, आणि शिल्लक तेवढ्याच रकमेने कमी. दुसऱ्या दिवशी पुरवठादाराकडून पावतीचा ईमेलही आला. 45 व्या दिवशी असंच दुसरं पेमेंट केलं.

त्या पानामागे बँक नव्हती. ती नुसती एक वेबसाइट होती, आकडा वजा करून दाखवणारी. पण माझ्या मनात त्या दोन व्यवहारांनी जे पक्कं केलं, ते शंभर प्रेमपत्रांनी झालं नसतं. मनाने साधा हिशेब मांडला: ज्याने सात आकडी खात्याची किल्ली माझ्या हातात दिली, तो माझ्या पगारावर कशाला डोळा ठेवेल? त्यानंतर पैशांच्या बाबतीत त्याच्यावर संशय घेणं मला लाजिरवाणं वाटू लागलं. कारण विश्वास आधी त्याने टाकला होता.

53 व्या दिवशीची मागणी किरकोळ होती. सॅटेलाइट इंटरनेटचा पॅक संपलाय, रिगच्या दुकानात गिफ्ट कार्ड चालतं, एखादं घेऊन मागचा कोड खरवडून फोटो पाठव. मी पाठवला. गिफ्ट कार्डाचा कोड म्हणजे रोख रक्कम. ज्याच्या हाती लागतो तो काही मिनिटांत ती काढून घेतो आणि मागे खातेदाराचं नावसुद्धा उरत नाही. त्याने लगेच म्हटलं, "माझ्या खात्यातून तू स्वतःच परत घे." मी त्याच्या खात्यातून माझ्या खात्यात तेवढी रक्कम वळवली. पानावर आलं, "7 ते 10 कामकाजाचे दिवस". ते दिवस संपायच्या आत 61 वा दिवस उजाडला.

दुपारी पावणेतीनला मेसेज आला, तोही त्याच्या सहकाऱ्याकडून. यंत्रात हात सापडलाय, हेलिकॉप्टरने किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवलंय. मग बँडेज बांधलेल्या हाताचा फोटो. मग तो स्वतः, एकेक शब्द: डाव्या हाताने लिहितोय. ऑपरेशन सहापर्यंत झालं नाही तर बोटं वाचणार नाहीत. आगाऊ रक्कम भरायला सांगतायत. "घाबरू नकोस, पैसे आहेत. तू माझ्या खात्यातून भर."

मी लॉगिन केलं. लाल अक्षरांत आलं: अनोळखी ठिकाणाहून वारंवार लॉगिन झाल्यामुळे हे खातं सुरक्षिततेसाठी तात्पुरतं गोठवण्यात आलं आहे.

अनोळखी ठिकाण म्हणजे माझं घर होतं. खातं माझ्यामुळे गोठलं होतं.

मी खुर्चीत बसून राहिले, हात थंड पडले. रुग्णालय, आगाऊ रक्कम, पैसे आहेत पण अडकलेत, घड्याळ पुढे सरकतंय, आणि या वेळी फोन उचलायची पाळी माझी होती. पाच वाजून दहा मिनिटांनी त्याने लिहिलं, "तू नाही म्हणालीस तरी मी समजू शकतो. सगळ्यांना सकाळी बघू म्हणणं सोपं असतं." माझेच शब्द होते, मीच त्याला दिलेले, आणि मला ते ओळखूही आले नाहीत. पाच पंचवीसला मी दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम पाठवली. लाभार्थी म्हणून एका बाईचं नाव होतं. रुग्णालयाची वसुली बघणारी एजंट, असं तो म्हणाला.

म्हणून मला इथे जीव तोडून सांगायचंय, की हे संकट त्या दुपारी सुचलेलं नव्हतं. त्याचा अपघात, रुग्णालय, वेळेची मुदत हा साचा जुनाच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने, 2022 सालच्या अशा प्रेमाच्या फसवणुकींच्या तक्रारी तपासल्या, तेव्हा मी किंवा माझं जवळचं माणूस आजारी आहे, जखमी आहे किंवा तुरुंगात आहे, हे सर्वांत जास्त सांगितलं जाणारं खोटं निघालं. जवळपास 24 टक्के तक्रारींत तेच होतं. पैसे आहेत पण अडकलेत, हा भाग त्याहून जुना. एकोणिसाव्या शतकात परदेशी तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत कैद्याच्या नावाने पत्रं पाठवून लोकांना असंच लुटत, त्या फसवणुकीला 'स्पॅनिश प्रिझनर' हे नावच पडलं. साचा जुना असला, तरी तो माझ्या मापाने बेतला होता आणि मापं घ्यायला त्यांनी सात-आठ आठवडे खर्च केले. दुसऱ्या कुणी वडिलांऐवजी मुलाबद्दल सांगितलं असतं, तर जखमी त्याची होस्टेलवरची मुलगी झाली असती. ती मुलगी त्यांनी राखून ठेवली होती असंच मला वाटतं.

ऑपरेशन यशस्वी झालं. तीन दिवसांनी खातं पुन्हा सुरू करण्यासाठी "पडताळणी शुल्क" निघालं. हे मी का भरलं याचं उत्तर हिशेबनीसाला लाज आणणारं आहे: आधीची रक्कम परत मिळायची तर खातं सुरू होणं भाग होतं. म्हणजे दुसरे पैसे मी प्रेमापोटी दिले नाहीत, पहिले वाचवायला दिले. त्यासाठी 66 व्या दिवशी एक मुदत ठेव घरबसल्या मोडली. या वेळी अर्ध्या मिनिटात मोडली.

70 व्या दिवशी तिसरी मागणी आली, दुसरीच्या दुप्पट. मोठी ठेव मोडायला शाखेत जावं लागणार होतं. त्याने आदल्या रात्री मला तयार करून पाठवलं: बँकेत विचारतील, घराच्या कामासाठी म्हणून सांग, उगाच आपलं खासगी त्यांना कशाला. काउंटरवरची मुलगी पंचविशीची असेल. तिने अर्ज वाचला, स्क्रीन पाहिला.

"मॅडम, रक्कम कशासाठी आहे?"

"घराच्या कामासाठी."

"आणि या बाई म्हणजे तुमच्या कंत्राटदार का?"

मी हो म्हणाले. ती क्षणभर थांबली आणि अगदी हळू, बाजूच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "यांना तुम्ही प्रत्यक्ष भेटलायत का, मॅडम?"

तिने मला अडवलं नाही, फसवणूक हा शब्दही उच्चारला नाही. पण मी एका अनोळखी मुलीला लागोपाठ दोन खोटी उत्तरं दिली होती आणि दोन्ही मला दुसऱ्याने पढवलेली होती. ती उत्तरं माझ्याच तोंडून ऐकल्यावर माझ्या घशाला कोरड पडली. अर्ज परत घेतला. म्हटलं, उद्या येते.

घरी येऊन मी 32 दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या बँकेचं स्टेटमेंट हिशेबनीस म्हणून उघडलं. इतके दिवस मी फक्त शिल्लक पाहत होते. सगळ्या नोंदी पूर्ण हजारांत होत्या, एकही मोडकी रक्कम नाही. सहा महिन्यांत एकदाही व्याज नाही, एकदाही बँकेचं शुल्क नाही, अगदी परदेशी रक्कम पाठवल्यावरही नाही. दोन नोंदी बँकांच्या सुट्टीच्या दिवशी पूर्ण झालेल्या. माझ्या हाताखालच्या मुलाने असं स्टेटमेंट आणलं असतं, तर मी ते दोन मिनिटांत परत फेकलं असतं. मग वेबसाइटचा पत्ता `whois` शोधात घातला, तिथे तो पत्ता कधी नोंदवला ते कळतं. `Creation Date` समोर जी तारीख होती, ती आमच्या पहिल्या बोलण्यानंतरची होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याचं खातं वीस वर्षं जुनं होतं.

त्याचे फोटो इंटरनेटवर आणखी कुठे दिसतात याचा शोध मी आधी एकदा घेतला होता, दुसऱ्या आठवड्यात, आणि काही सापडलं नव्हतं म्हणून निर्धास्त झाले होते. आता फोटो मोठा करून पाहिला. पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. याच्या शर्टाची डाव्या बाजूला होती, तीही प्रत्येक फोटोत. टोपीवरची अक्षरं मुद्दाम पुसट केली होती. मी फोटो आरशासारखा उलटा करून पुन्हा शोधला आणि चौथ्या निकालात तोच माणूस, वेगळ्या नावाने, वेगळ्या देशात, बायको-मुलांसकट दिसला. फोटो उलटवले की साधा शोध बऱ्याचदा चुकतो, म्हणून ते तसं करतात. शोधात काही न सापडणं म्हणजे माणूस खरा असणं नव्हे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बहिणीला फोन केला. दोन महिने मी तिला टाळत होते. तिला तुझं सुख बघवत नाही, असं तो अधूनमधून पेरत राहिला होता आणि ते माझ्यात रुजलंही होतं. ती म्हणाली, "ताई, दार उघडं ठेव, मी निघाले." आल्यावर तिने पहिलं वाक्य बोललं ते असं: "त्याला अजून काही कळवलं नाहीस ना?" त्या एका प्रश्नामुळे पुरावा वाचला. मी त्याला चार शब्द सुनावून ब्लॉक करणार होते. तसं केलं असतं तर त्यांनी त्यांच्या बाजूने जे पुसता येईल ते पुसलं असतं आणि ते बँकेचं पान तर तासाभरात गायब झालं असतं. आम्ही आधी चॅट बाहेर काढलं, पानांचे फोटो पत्त्यासकट घेतले, व्यवहारांचे संदर्भ क्रमांक लिहिले, मग बँकेच्या फसवणूक विभागाला आणि पोलिसांना कळवलं. पहिली रक्कम त्याच दिवशी पुढच्या तीन खात्यांत फुटून गेली होती. दुसरीतली साधारण तिसरा हिस्सा अजून एका खात्यात पडून होता, तो गोठवता आला. गिफ्ट कार्डाबद्दल कुणी आशाही दाखवली नाही.

नंतरचे दिवस मला वाटलं त्याहून वाईट गेले. मोनिका विटी आणि टॉम बुकॅनन या मानसशास्त्रज्ञांनी अशा फसलेल्या माणसांचा अभ्यास केला आहे. ते याला दुहेरी आघात म्हणतात: पैसे जातात आणि नातंही जातं, आणि बऱ्याच जणांना दुसरं जास्त लागतं. मला तसंच झालं. सकाळी फोन हातात घेतला की त्याचा मेसेज शोधायचे. तो कधीच नव्हता हे कळूनही मी त्याच्यासाठी रडले. हे कुणाला सांगायची चोरी होती, कारण लोक फक्त किती गेले ते विचारत. महिन्याभराने एका "वसुली तज्ज्ञा"चा ईमेल आला, थोडं शुल्क भरलं तर बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणाला. माझी नेमकी रक्कम त्याला ठाऊक होती. ती पोलीस आणि बँक सोडून फक्त त्याच टोळीला माहीत होती.

चार महिन्यांनी तपास अधिकाऱ्यांनी बोलावलं. ज्या बाईच्या नावावर मी पैसे पाठवले होते, ती सापडली होती. मी तिच्याबद्दल मनात काय काय योजून गेले होते! अधिकारी म्हणाले, "मॅडम, आधी हे बघा." तिच्या फोनमधून काढलेले फोटो टेबलावर ठेवले. उलटी बटणं, पुसट टोपी. ती माझ्याच वयाची होती. तिचा होणारा नवरा समुद्रावर असतो, त्याचं खातं गोठलंय, म्हणून त्याचे पैसे ती आपल्या खात्यात घेऊन पुढे पाठवत होती, असं तिने सांगितलं होतं. तिनेही आधी स्वतःचे बरेच दिले होते.

61 व्या दिवशीच्या माझ्या रकमेसमोर तिने आपल्या वहीत काय लिहिलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. ती नीट हिशेब ठेवायची. तारीख, रक्कम, आणि शेरा: ऑपरेशनसाठी, त्याच्या बहिणीकडून.